लग्नातही तेच, अंत्यविधीनंतरही तेच: शीख समाजातलं ‘आनंद साहिब’ नेमकं काय आहे?

मुदखेडहून नांदेड वीस-बावीस किलोमीटरवर. त्यामुळे इथल्या अनेकांचं तख्त सचखंड श्री हजूर साहिबला जाणं-येणं असतं. शीख मित्राच्या घरचं लग्न, बाळाचं नामकरण किंवा कुणाच्या निधनानंतरची अरदास, अशा निमित्तांनी गुरुद्वारात बसण्याची वेळही येते. तिथे एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. कार्यक्रम कोणताही असो, शेवटाकडे येताना एकच रचना कानावर पडते. लग्नात जी ऐकली, तीच एखाद्याला अखेरचा निरोप दिल्यानंतरही म्हटली जाते.

या रचनेचं नाव ‘आनंद साहिब’. मग प्रश्न पडतो की घरात माणूस गेलेलं असताना आनंदाचं गाणं कसं काय? याचं उत्तर या रचनेच्या पहिल्या पाच कडव्यांमध्येच आहे.

कुणी लिहिलं, कुठे आहे?

आनंद साहिब ही तिसरे गुरू, गुरू अमरदास यांची रचना. त्यांचा काळ 1479 ते 1574. त्यांना गुरुपद मिळालं 1552 मध्ये, म्हणजे वयाची सत्तरी ओलांडल्यावर. पंजाबात बियास नदीकाठचं गोइंदवाल हे त्यांचं केंद्र होतं.

गुरू ग्रंथ साहिबमध्ये ही बाणी रामकली रागात, पान 917 ते 922 वर आहे. बाणी म्हणजे गुरूंची किंवा संतांची पवित्र रचना. तिच्यात एकूण 40 कडवी आहेत. प्रत्येक कडव्याला ‘पौडी’ म्हणतात. पौडी म्हणजे पायरी.

कडव्यांच्या शेवटी ‘नानक’ हे नाव येतं, त्यामुळे ही रचना गुरू नानकांची आहे असं अनेकांना वाटतं. पण पुढच्या गुरूंनीही आपल्या रचनांवर नानक हीच मुद्रा ठेवली. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’ किंवा ‘तुका म्हणे’ येतं, तशी ही नाममुद्रा आहे. फरक एवढाच की इथे तीच मुद्रा अनेक गुरूंनी वापरली.

सगळी 40 कडवी म्हणतात का?

समारंभाच्या शेवटी सहसा नाही. पहिल्या पाच पौड्या आणि थेट शेवटची, चाळिसावी, अशा सहाच म्हणतात. याला ‘छोटा आनंद’ असं म्हटलं जातं. पूर्ण 40 पौड्यांचं पठण अमृत संचार म्हणजे खालसा दीक्षेच्या वेळी होतं. तिथे अमृत तयार करताना ज्या पाच बाण्या म्हणतात, त्यातली ही एक.

शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने 1945 मध्ये मंजूर केलेल्या ‘सिख रहत मर्यादा’ या आचारसंहितेत या सहा पौड्यांची जागा स्पष्ट दिलेली आहे. नामकरणात त्या आहेत. लग्नात चार लावां, म्हणजे चार फेरे झाल्यावर त्या आहेत. आणि अंत्यसंस्कार आटोपून परतल्यावर, घरी किंवा गुरुद्वारात ग्रंथाचं पठण सुरू करतानाही याच सहा पौड्या म्हणून अरदास करायची, असं तिथे सांगितलं आहे. हजूर साहिबची स्वतःची जुनी मर्यादा आहे, त्यामुळे तिथल्या नित्यक्रमात काही गोष्टी वेगळ्या दिसू शकतात.

पहिल्या पाच पौड्या काय सांगतात?

पहिली पौडी आईला उद्देशून आहे. बोलणारा जीव आईला सांगतो की मला सद्गुरू भेटला आणि आनंद झाला. एखादी सासुरवाशीण माहेरी आल्याआल्या आईला मनातलं सांगते, तसा हा सूर आहे. इथे ‘सहज’ हा शब्द महत्त्वाचा. तो ‘सोपं’ एवढ्याच अर्थाने येत नाही. मनाची धावपळ थांबून ते आपल्या मूळ जागी स्थिर होणं, असा त्याचा अर्थ आहे. पुढे चित्र असं की मनात मंगलवाद्यं वाजत आहेत आणि सगळे राग आपापल्या परिवारासह गायला आले आहेत. थोडक्यात, घरातल्या शुभकार्याची सगळी गडबड आहे, पण ते घर म्हणजे मन.

दुसरी पौडी स्वतःच्या मनाशी बोलते. मना, तू कायम हरीजवळ राहा, तो तुझी दुःखं विसरायला लावेल, तुझी कामं मार्गी लावेल. रामदासांचे मनाचे श्लोक पाठ असलेल्या मराठी माणसाला ही मनाला समजावण्याची रीत ओळखीची वाटेल. दुःख येणारच नाही, असं वचन मात्र इथे दिलेलं नाही. आलेल्या दुःखाचा मनावरचा ताबा सुटेल, एवढंच सांगितलं आहे.

तिसरी पौडी देवाशी बोलते. तुझ्या घरात काय नाही? सगळंच आहे, पण तू ज्याला देशील त्यालाच मिळतं. म्हणजे हा आनंद कर्तबगारीने कमावता येत नाही, तो देणगी म्हणून येतो. आणि नाम ज्याच्या मनात वसतं, त्याच्या आत शब्दाचा नाद सुरू होतो.

चौथी पौडी त्या देणगीचा परिणाम सांगते. नामाचा आधार मिळाला आणि सगळ्या भुका शमल्या. ‘भूक’ म्हणजे इथे आणखी हवं, अजून हवं ही ओढ. ती शमल्यावर मनात शांती आणि सुख येऊन राहिलं. पौडीच्या शेवटी संतांना विनंती आहे की या शब्दावर प्रेम करा.

पाचवी पौडी पुन्हा घराकडे येते. ज्या भाग्यवान घरात देवाने आपली शक्ती ठेवली, तिथे पाच प्रकारचे नाद वाजतात. पारंपरिक अर्थाप्रमाणे हे पाच नाद म्हणजे तार, चामडं, धातू, घट आणि फुंकर यांवर वाजणारी वाद्यं, म्हणजे सगळं संगीत एकाच वेळी. त्याच पौडीत आणखी एक ‘पाच’ येतात. काम, क्रोध, लोभ, मोह आणि अहंकार हे पाच विकार ताब्यात आले, आणि मृत्यूचा काटाही निघाला, असं तिथे म्हटलं आहे. हे घर म्हणजे देह आणि मन. त्यात वाजणाऱ्या नादाला ‘अनहद’ म्हणतात, म्हणजे काहीही न आपटता, न छेडता होणारा नाद. आपल्या संतांच्या अभंगांतला ‘अनाहत’ तो हाच.

मग थेट चाळिसावीच का?

पहिल्या पाचांत आनंद कसा आला ते सांगून होतं. चाळिसावी पौडी तो ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचवते. भाग्यवंतांनो, हा आनंद ऐका, असं ती म्हणते. ही बाणी ऐकून दुःख, रोग आणि संताप उतरले, ऐकणारे पवित्र झाले आणि म्हणणारेही. सभागृहात बसलेले सगळेच या पौडीत सामावतात, त्यामुळे समारोपासाठी ती अगदी जुळते.

मधल्या पौड्यांचा सूर जास्त कडक आहे. सातवीत म्हटलं आहे की ‘आनंद आनंद’ सगळेच म्हणतात, पण खरा आनंद गुरूकडूनच कळतो. अकरावी बजावते की हे जे कुटुंब दिसतं आहे ते तुझ्याबरोबर येणार नाही. चौदावीत भक्ताची वाट तलवारीच्या धारेहून तीक्ष्ण आणि केसाहून बारीक असल्याचं सांगितलं आहे. छोटा आनंद ऐकून ही रचना नुसती गोड वाटते, पण 40 पौड्या वाचल्यावर त्या गोडव्यामागची अट समजते.

दुःखाच्या प्रसंगी का?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पाचही पौड्यांत मुलगा झाला, लग्न ठरलं, पीक चांगलं आलं, असं आनंदाचं एकही बाहेरचं कारण नाही. कारण एकच दिलं आहे, गुरूची भेट आणि मनात वसलेलं नाम. जो आनंद बाहेरच्या घटनेमुळे आलेला नाही, तो बाहेरच्या घटनेमुळे जाणारही नाही, हा त्यामागचा विचार आहे. म्हणून लग्नात या पौड्या म्हणतात त्या नुसत्या जल्लोषासाठी नाहीत, आणि निधनानंतर म्हणतात तेव्हा दुखवटा नाकारायचा हेतू नसतो.

परंपरेत याला जोडलेली एक गोष्ट आहे. गुरू अमरदासांचे पुत्र मोहरी यांना मुलगा झाला. त्या नातवाच्या जन्माच्या निमित्ताने ही बाणी रचली गेली आणि त्याचं नावही आनंदच ठेवलं, असं सांगतात. याच आनंद यांचे पुत्र बाबा सुंदर. त्यांनी ‘सद’ नावाची रचना केली. सद म्हणजे हाक. गुरू अमरदासांच्या अखेरच्या घडीचं वर्णन तिच्यात आहे. माझ्यामागे कुणी रडू नका, कीर्तन करा, असं गुरूंनी सांगितल्याचं त्यात येतं. गुरू ग्रंथ साहिबमध्ये आनंद साहिब संपलं की पान 923 वर हीच ‘सद’ सुरू होते. एका बाजूला आनंद, लगेच पुढे मृत्यू.

पसायदानासारखं आहे का?

मराठी माणसाला ही तुलना सुचणं स्वाभाविक आहे. दोन्ही समारोपाला म्हटली जातात आणि दोन्ही जमलेल्या सगळ्यांना सामावून घेतात. पण एक मोठा फरक आहे. पसायदान हे मागणं आहे, ज्ञानेश्वर विश्वासाठी देवाकडे मागतात. छोट्या आनंदात मिळाल्याची पोच आहे. शीख क्रमात मागणं त्याच्या लगेच नंतर येतं, ते म्हणजे ‘अरदास’. आधी मिळाल्याचं सांगायचं, मग मागायचं, असा हा क्रम आहे.

तुम्ही तिथे असाल तर

समजा, नांदेडमधल्या एखाद्या घरी पाठाची समाप्ती आहे. ग्रंथाचं शेवटचं पान वाचून झालं की छोटा आनंद म्हटला जातो. तेव्हा सगळे डोकं झाकून बसलेले असतात. रागी गात असतील तर वेळ थोडा जास्त लागतो, नुसतं पठण असेल तर काही मिनिटांत संपतं. ते संपलं की सगळे उठून हात जोडतात, म्हणजे अरदास सुरू झाली. मग सगळे बसतात आणि हुकमनामा, म्हणजे ग्रंथ उघडून समोर आलेला शबद वाचला जातो. शेवटी कणीक, साखर आणि तूप समप्रमाणात घेऊन केलेला कडाह प्रसाद वाटतात. तो दोन्ही हातांची ओंजळ करून बसूनच घ्यायचा.

दोन गोंधळ नेहमी होतात. पहिला, ‘आनंद कारज’ आणि ‘आनंद साहिब’ एकच समजण्याचा. आनंद कारज हा विवाहविधी आहे. त्यातल्या चार लावां ही चौथे गुरू रामदास यांची, सूही रागातली वेगळी रचना आहे, आणि आनंद साहिब त्यानंतर येतं. दुसरा गोंधळ मोबाइलवर शोधताना होतो. ‘आनंद साहिब’ शोधलं की कधी सहा पौड्या मिळतात, कधी पूर्ण 40. कोणतं आहे ते ओळखायला पाचवी पौडी संपेपर्यंत थांबा. तिच्यानंतर ‘ऐका’ म्हणत भाग्यवंतांना हाक आली, तर तो छोटा आनंद.