बाळंतिणीची बाई (सोलापूर)

बाळंतपणानंतर साधारण सव्वा महिना रोज घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी, न्हाऊ घालणारी आणि शेक देणारी स्त्री. सोलापुरात तिला मालिशवाली किंवा न्हाऊ घालणारी बाई असेही म्हणतात. हाक मारताना ती मावशी किंवा आजी असते, कानडी घरात अव्वा. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषांच्या या शहरात एकच बाई सकाळभरात दोन-तीन भाषांची घरे करते.

पूर्वी हे काम सुईणीकडे असे. नाळ कापण्यापासून बारशापर्यंतचे सगळे तीच बघे. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यातली बाळंतपणे वाढत गेली आणि सुईणीच्या कामातला प्रसूतीचा भाग सुटला. मागे राहिले ते तेलपाणी. त्याचे रीतसर शिक्षण बहुतेकींना मिळालेले नाही. आई किंवा सासूबरोबर घरोघर जाऊन, आधी पाणी काढून देत, मग बाळ पुसून देत हात बसतो. ‘आशा’ कार्यकर्तीला मात्र नवजात बाळाच्या काळजीचे प्रशिक्षण मिळते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ती 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. तिच्या एखाद्या भेटीची वेळ न्हाण्याच्या वेळेशी जुळवून घ्यावी. बाळाचा श्वास कसा मोजायचा, बेंबी कशी कोरडी ठेवायची हे बाईला तिथल्या तिथे शिकता येते.

बाळाचे तेलपाणी. बाई पाटावर पाय लांब करून बसते आणि दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाळाला आडवे घेते. बांगड्या काढलेल्या, नखे कापलेली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले असावेत. विड्या वळणाऱ्या घरातून येणाऱ्या बाईने लुगडे बदलूनच बाळाला हात लावावा, कारण तंबाखूची धूळ बोटांत आणि कपड्यांत बसते. तेल कोमट, चमचाभर पुरते. सोलापूर हा करडईचा मुलूख आहे आणि करडईचे किंवा खोबऱ्याचे शुद्ध तेल बाळाच्या त्वचेला चालते. पुण्याच्या डॉक्टरांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच दोन तेलांनी मालिश केलेल्या नवजात बाळांच्या रक्तात त्या-त्या तेलातले स्निग्ध घटक वाढलेले दिसले. मोहरीचे तेल टाळावे, त्याने कोवळ्या त्वचेला इजा होते. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला हलक्या हाताचे मालिश करायला जागतिक आरोग्य संघटनेची 2022 ची मार्गदर्शिकाही हरकत घेत नाही.

चांगला हात ओळखायचा तो दाबावरून नव्हे, थांबण्यावरून. बाळ रडू लागले की जाणती बाई हात थांबवते, त्याला आईकडे देते, उरलेले उद्यावर टाकते. नाक ओढून सरळ करणे, डोके दाबून गोल करणे, पाय धरून उलटे झुलवणे याने काहीही साधत नाही, इजा मात्र होते. काही बाळांची छाती आईच्या संप्रेरकांमुळे सुजलेली असते. ती पिळून दूध काढण्याची चाल सर्वांत वाईट, कारण त्यातून गळू होते. ही सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते. नाका-कानात तेल सोडू नये. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नाळेचे टोक गळून बेंबी सुकेपर्यंत तिच्यावर तेल, हळद, पावडर काही नको, अंगही पुसूनच घ्यावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय न्हाऊ घालू नये.

शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे न्हाण्याला हौदातले किंवा पिंपातले साठवलेले पाणी असते. ते उकळून निववावे आणि कोपराने ऊन बघून मगच घ्यावे.

रोज सकाळच्या उजेडात बाळाचे उघडे अंग बघणारी ही एकटीच असते, म्हणून कावीळ तिलाच आधी दिसू शकते. कपाळ किंवा छाती बोटाने दाबून सोडली की खालचा पिवळेपणा कळतो. तो तळहात-तळपायांवर दिसला, किंवा बाळ दूध ओढेना, अंग गार लागले, मिनिटाला साठच्या वर श्वास चालला, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून सरळ सिव्हिल गाठावे. कोवळ्या उन्हात ठेवून वाट बघत बसू नये. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत.

बाळंतीण. साध्या बाळंतपणात पाठ, कंबर, पाय हलक्या हाताने चोळायला दोन-चार दिवसांनी सुरुवात करता येते. सिझर झाले असेल तर पोट चोळणे, घट्ट बांधणे आणि टाक्यांवर कढत पाणी ओतणे वर्ज्य. डॉक्टरांनी टाका पाहून मोकळीक देईपर्यंत हातपाय आणि पाठ एवढेच. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला चोळणे जिवावर बेतू शकते. तिथे रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अंगातून जास्त जाणे, ताप, घाण वास, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी हीही बाईने घरच्यांना लगेच सांगायची लक्षणे.

शेक-शेगडीचा प्रश्न सोलापुरात वेगळा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत दार लावून बाजेखाली निखारे ठेवले तर बाळंतिणीच्या अंगातले पाणी आटते, बाळाला ताप भरतो. शिवाय बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. कंबरेला गरम पाण्याची पिशवी पुरते. ओवा-शेपांची धुरी बाळाच्या खोलीत देऊ नये.

भरवसा. आधीच्या दोन घरी चौकशी करावी, ओळखपत्र पाहावे, पहिले आठ दिवस घरातले कोणी समोर बसावे. जुनाट खोकला किंवा हातावर खरूज-नायटा असलेल्या बाईला बरे होईपर्यंत सुटी द्यावी. आमच्यात असेच करतात म्हणून अडून बसणारी बाई कितीही अनुभवी असली तरी नको. आजीबाईंनीही तिला ‘जरा जोर लाव’ म्हणून उसकावू नये. बऱ्याच चुका बाईच्या मनातून नव्हे, घरच्यांच्या हट्टातून होतात.

रोज. दर ठरवताना बाईचा तास नव्हे, तिची अख्खी सकाळ मोजावी. बाळ-बाळंतीण मिळून एका घराला सव्वा ते दीड तास लागतो, वर जाण्यायेण्याचा अर्धा तास. न्हाणी दुपारपूर्वी आटोपायची असतात, म्हणून सहाला निघालेली बाई नीट काम करून तीन, फार तर चार घरे करू शकते. समजा कुशल कामाची दिवसाची रास्त कमाई 800 रुपये धरली, तर चार घरांत प्रत्येकी 200 आणि चाळीस दिवसांचे 8,000 होतात. तीनच घरे मिळाली, तर तेवढ्याच कमाईला दर 267च्या आसपास जातो. दर पाडून मागितला की बाई पाचवे-सहावे घर धरते, आणि मग बाळाच्या वाट्याला घाईचा हात येतो. जुळ्यांचा दर वेगळा ठरवावा. तेल-साबण घरच्यांचे. बारशाची साडी ही भेट असते, ती रोजात धरू नये.

पैसे दर आठवड्याला द्यावेत. बाईची दांडी कापावी, पण घरचे गावी गेले म्हणून बुडालेला दिवस तिच्या माथी मारू नये, कारण त्या वेळेला तिने दुसरे घर नाकारलेले असते. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, मात्र तो दर ठरवत नाही. रात्रंदिवस राहणाऱ्या बाईचा हिशेब निराळा: जेवण, झोपेचे सलग तास आणि आठवड्याची सुटी हे पैशांच्या आधी बोलून घ्यावे.