पैठणचा नागनवरा आणि त्याचा शाप

मागच्या व्याख्यानात आपण तेरच्या पांढरीत सापडलेल्या सातवाहनकाळाबद्दल बोललो होतो. तेर, म्हणजे जुनं तगर, धाराशिवपासून जवळच. आणि पेरिप्लस सांगतो की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते होतं. आज त्याच वाटेने उलटं, पैठणकडे जाऊ. आज मात्र आपल्यासमोर नाणी नाहीत, गोष्टी आहेत.

शालिवाहनाची गोष्ट आपल्याकडे पाडव्याला प्रत्येक घरात सांगितली जाते. कुंभाराच्या घरात वाढलेला पोर, मातीचे हत्ती-घोडे-शिपाई करायचा, पुढे त्यात प्राण फुंकून त्याने शत्रूला हरवलं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा पोर कुंभाराच्या घरी आला कसा, आणि त्याचा बाप कोण, हे सांगताना आजी जरा घाईने पुढे जाते. आज आम्हाला तिथेच थांबायचं आहे. कारण त्याचा बाप नाग आहे.

शापित नवऱ्याच्या कथा जगभर आहेत. फ्रान्समधल्या मादाम द व्हिलनव्ह यांनी 1740 मध्ये आणि मादाम द बोमाँ यांनी 1756 मध्ये लिहिलेली सुंदरी आणि पशूची कथा तर आता चित्रपटांमुळे पोरांनाही पाठ आहे. तिथे मुलगी बापाखातर पशूच्या घरी राहायला जाते, हळूहळू तिचं मन बसतं, ती लग्नाला हो म्हणते आणि पशूचा राजपुत्र होतो. अनोळखी घरी दिल्या जाणाऱ्या मुलीची भीती आणि तिची समजूत, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. आपल्या पंचतंत्रातही ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या सापाची गोष्ट आहे. तो रात्री कात टाकून माणूस होतो आणि बाप ती कात जाळून टाकतो, म्हणजे त्याला पुन्हा साप होता येत नाही. दोन्हीकडे शेवट सारखाच: नवरा माणूस होतो, संसार सुरू होतो.

पैठणच्या गोष्टीत तसं होत नाही.

अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने कथासरित्सागर लिहिला. त्यात गुणाढ्य, म्हणजे बृहत्कथेचा कर्ता, आपल्या जन्माची हकीकत सांगतो. प्रतिष्ठानात सोमशर्मा नावाचा ब्राह्मण होता. त्याला दोन मुलं, वत्स आणि गुल्मक, आणि एक मुलगी, श्रुतार्था. आईबाप वारले आणि भावांनी बहिणीला सांभाळलं. काही दिवसांनी ती गरोदर असल्याचं लक्षात आलं. घरात तिसरा पुरुष नाही, म्हणून दोघे भाऊ एकमेकांकडे संशयाने बघू लागले. बहिणीने ते ओळखलं आणि स्वतःच तोंड उघडलं: नागराज वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन याने मला स्नानाला जाताना पाहिलं, आमचं गांधर्व लग्न झालं. यावर विश्वास कोण ठेवणार? तिने त्याचं स्मरण केलं, तो हजर झाला, आणि भावांना म्हणाला की ही मूळची अप्सरा, शापामुळे पृथ्वीवर आली, तुम्हीही शापितच आहात. हिला मुलगा झाला की तिघेही शापातून सुटाल. मुलगा झाला. तो गुणाढ्य. आणि मग आई आणि मामा तिघेही गेले. शाप सुटणं म्हणजे इथे मरण.

आता हीच गोष्ट चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींच्या विविधतीर्थकल्पात बघा. गाव तेच, प्रतिष्ठान. परगावाहून आलेले दोन ब्राह्मण भाऊ आणि त्यांची विधवा बहीण कुंभाराच्या घरी उतरलेले. बहीण गोदावरीवर पाण्याला जाते. डोहात राहणारा नागराज शेष माणसाचं रूप घेऊन बाहेर येतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. संकट आलं तर माझी आठवण कर म्हणतो, आणि जातो. ती गरोदर राहते. इथेही भावांचा एकमेकांवर संशय. पण इथे दोघेही लाजेने तिला टाकून वेगवेगळ्या वाटांनी निघून जातात. ती दुसऱ्यांच्या घरी कामं करून पोट भरते आणि कुंभाराच्या घरात बाळंत होते. तोच पोर मातीची वाहनं करून सवंगड्यांना वाटायचा, पुढे त्या नागानेच दिलेल्या अमृताने त्याचं मातीचं सैन्य जिवंत झालं. तोच सातवाहन.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. डोह, नाग, दोन भाऊ, संशय, मुलगा: सांगाडा तोच. फरक एका गोष्टीचा, शापाचा. सोमदेवाकडे शाप आहे, म्हणून लग्न आहे, नवऱ्याची साक्ष आहे, भावांचा मान राखला गेला आहे. जिनप्रभाकडे शाप नाही, आणि मग उरते ती पाण्याला गेलेली एकटी बाई. आमचं म्हणणं असं की इथे रूपांतर मुलीच्या मनातलं नाहीच. ज्या पुरुषाचं नाव घेता येत नाही त्याच्या जागी नाग येतो, आणि ज्या संबंधाला घर मान्यता देत नाही त्याला शाप मान्यता देतो.

सोमदेवाने सातवाहनाच्या जन्माची गोष्ट वेगळी दिली आहे, पण तीही याच घडणीची आहे. दीपकर्णी राजाला मूल नव्हतं. स्वप्नात दृष्टांत झाला म्हणून तो रानात गेला, तर सिंहावर बसलेला पोरगा दिसला. बाण मारताच सिंहाचा यक्ष झाला. त्याचं नाव सात. ऋषिकन्येशी त्याने गांधर्व लग्न केलं, तिच्या नातलगांना कळलं, आणि त्यांनी दोघांना सिंह-सिंहीण केलं. तिचा शाप मूल होताच सुटला, त्याचा बाणाने. इथे तर शाप कोणी दिला हे लपवलेलंच नाही. बरं का, हे राक्षसाने किंवा चेटकिणीने केलेलं नाही, घरच्यांनीच केलं.

आता एक सावधगिरी. मराठवाड्यात पटकन असं म्हटलं जातं की नाग म्हणजे नाग जमात, आणि या कथा म्हणजे सातवाहनांच्या आंतरजातीय विवाहाचा पुरावा. नाणेघाटातली राणी नागनिका हिचं नाव त्यासाठी पुढे करतात. पण एका नावावरून कुळ ठरत नाही, आणि या कथा सातवाहनांनंतर शेकडो वर्षांनी लिहिल्या गेल्या. त्यांच्यातून दुसरं शतक कळत नाही. नंतरच्या लोकांना त्या राजाबद्दल काय खटकत होतं ते कळतं. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाबद्दल कोरून ठेवलं आहे की त्याने चार वर्णांचा संकर थांबवला. त्याच घराण्याला पुढच्या कथाकारांनी नाग आणि ब्राह्मणीचा मुलगा दिला! हा विरोध आम्हाला त्या नाग जमातीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

आणि आपल्या धाराशिवच्या लेण्यांची कथा विसरून कसं चालेल. कनकामर मुनींच्या करकंडचरिउमध्ये तेरापूरजवळच्या लेण्यांशी जोडलेला राजा करकंड स्मशानात जन्मतो आणि त्याला मातंग वाढवतो. पण कवी लगेच सांगतो की हा मातंग खरा विद्याधर, शापामुळे मातंग झालेला, आणि मुलगा राजा झाला की त्याचा शाप सुटणार. नवऱ्याच्या जागी इथे पाळणारा बाप आहे, पण शापाचं काम तेच. राजाला वाढवणारे हात खालच्या मानलेल्या जातीचे होते, ही गोष्ट पुसता येत नव्हती. म्हणून त्या हातांची जात बदलली.

सोमदेवाच्या कथेत बहिणीला श्रुतार्था हे नाव आहे. कुंभाराच्या घरी बाळंत झालेल्या त्या विधवेचं नाव मात्र पाडव्याच्या गोष्टीत आम्ही कधी ऐकलं नाही.