शिकेकाईने साबणाला हरवलं, शाम्पूने शिकेकाईला

न्हाण्याच्या दिवशी डोक्याला फेस लावायची सवय आपल्याकडे बरीच जुनी आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाची दिनचर्या सांगताना स्नान रोज आणि फेनक तिसऱ्या दिवशी, असं लिहून ठेवलंय. अमरकोशात रिठ्याचं एक नाव फेनिल आहे. फेस येतो तो रिठ्याच्या सालीतल्या आणि शिकेकाईच्या शेंगेतल्या सॅपोनिनमुळे. या रेणूचा एक भाग तेलाशी सलगी करतो, दुसरा पाण्याशी, आणि केसांवरचं तेल सुटून पाण्याबरोबर वाहून जातं.

शिकेकाई, रिठा, आवळा या त्रिकुटातला तिसरा, आवळा, मात्र मळ काढणारा नव्हेच. आवळकाठीत आम्लं आणि टॅनिनं असतात. त्यांनी केस जरा करकरीत लागतात आणि त्यामुळे तेल गेल्यासारखं वाटतं, एवढंच. ‘आवळा तेल खेचून घेतो’ म्हणून तेलकट डोक्याला नुसती आवळा पूड लावणारे फसतात. टाळूतल्या तेलग्रंथी संप्रेरकांच्या हुकमाने चालतात, वरून काय थापलं याची त्यांना फिकीर नसते.

मग अंगाचा साबण आला. त्याने हे त्रिकूट मोडीत काढायला हवं होतं, पण डोक्यापुरतं तसं झालं नाही. कारण पाणी. दख्खनच्या विहिरींचं पाणी बहुधा जड, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा चिकट थर बनवतो आणि तो केसांवरच बसतो. शिवाय साबण अल्कधर्मी, त्याने केसांचे पापुद्रे उचकटतात, गुंता होतो. शिकेकाईचं पाणी किंचित आंबट, आणि क्षारांशी तिचं वैर नाही. म्हणून अंगाला साबण आणि डोक्याला शिकेकाई, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कंपन्यांनी शिकेकाईचे साबण काढले खरे, पण साबण तो साबणच.

शिकेकाईला खरा धक्का दिला कृत्रिम डिटर्जंटने. अमेरिकेत १९३४ मध्ये ‘ड्रीन’ हा असा पहिला शाम्पू बाजारात आला. जड पाण्यातही थर नाही, अल्कधर्मीपणा नाही. शिकेकाईचे दोन्ही हुकमी पत्ते एका बाटलीत गेले. आपल्याकडे शाम्पू बराच काळ श्रीमंती चोचला होता. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतून निघालेल्या पुड्यांनी तो गावच्या वाण्याच्या दुकानात दोरीला टांगला.

त्याबरोबर स्वच्छतेचं मापही बदललं. पूर्वी केसांना तेल घालायचं, मग शिकेकाईने ते अर्धंमुर्धं काढायचं आणि वेणी घालायची. उरलेलं तेल हवंच असायचं. मोकळे, भुरभुरणारे केस हे माप शाम्पूने आणलं. शिकेकाईला तेलकट टाळूवर आपण नापास करतो ते याच मापाने.

तरीही नापास होते हे खरं. समजा, टाळू दुसऱ्याच दिवशी तुकतुकते आहे. पाच-सहा शेंगा, बिया काढलेले तीन-चार रिठे आणि दोन आवळकाठ्या अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवल्या, सकाळी दहा मिनिटं उकळून, कुस्करून फडक्याने गाळल्या. केसांना तेल लावलेलं नसेल, तर या पाण्याने धूळ, घाम आणि एक-दोन दिवसांचं तेल बऱ्यापैकी निघतं. आदल्या रात्री खोबरेल चोपडलं असेल, तर पहिल्या हाताला फेसच धरत नाही. फेस न धरणं हीच तेल उरल्याची खूण. वाळल्यावर मुळाशी केस बटांनी चिकटले आणि नखाखाली पांढुरका मेणचट मळ आला, तर टाळू धुतलीच गेली नाही. तेव्हा रिठे वाढवायचा मोह होतो. रिठा जोरकस आहे, पण जास्त झाला की केसांची टोकं कोरडी, राठ होतात आणि मुळं तशीच राहतात. डोळ्यात गेला तर जळजळ भयंकर होते, इजाही होऊ शकते.

पूड कालवून थापण्यापेक्षा गाळलेलं पाणी चांगलं, असं माझं मत आहे. गिरणीतून कितीही बारीक दळून आणा, शेंगेचे तंतू उरतातच. ते टाळूवर बसतात, वाळल्यावर झडतात आणि कोंडा समजले जातात. खऱ्या कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते, ती टाळूच्या तेलावरच जगते. तिथे या पाण्यावर विसंबण्यापेक्षा किटोकोनॅझोलचा औषधी शाम्पू घ्यावा. केस सुळसुळीत करणाऱ्या सीरममधलं सिलिकॉनही शिकेकाईला सहसा दाद देत नाही. आणि काढा साठवता येत नाही. बाहेर राहिला तर दोन दिवसांत आंबतो, कारण रिठ्याच्या गरातली साखर त्यात उतरलेली असते.

‘शिकेकाईयुक्त’ शाम्पूच्या बाटलीचं मागचं लेबल वाचलं, तर पाण्यानंतर बहुधा सोडियम लॉरेथ सल्फेट दिसतं आणि शिकेकाईचा अर्क बराच खाली. मळ काढतं ते वरचं.