डोक्याच्या आत कारखाना: डबल एक्स्पोजरच्या एका चित्राचा इतिहास

आज आपण एकाच प्रकारचं चित्र घेऊन बसणार आहोत. तुम्ही ते शंभरदा पाहिलं असेल. एका माणसाचा बाजूने दिसणारा चेहरा, मागे पांढरीशुभ्र पार्श्वभूमी, आणि चेहऱ्याच्या आत नाक-डोळे-गाल न दिसता जंगल, डोंगर नाहीतर एखादं शहर दिसतं. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, सिनेमाच्या पोस्टरवर, लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ते आता येऊन बसलं आहे. आपण त्यातलं एकच उदाहरण नीट पाहू. १२ जानेवारी २०१४ रोजी एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ ही मालिका सुरू झाली. तिची शीर्षकचित्रफीत पॅट्रिक क्लेअर या दिग्दर्शकाने केली आणि त्या वर्षीचं त्या विभागातलं एमी पारितोषिक तिला मिळालं. तिच्यातल्या चेहऱ्यांच्या आत लुइझियाना राज्यातले तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने दिसतात.

पण तिथे पोचण्याआधी या चित्राचे दोन तुकडे वेगळे करावे लागतील. एक छायाकृती, दुसरं डबल एक्स्पोजर. दोघांचे जन्म वेगवेगळे आहेत.

छायाकृतीला इंग्रजी-फ्रेंचमध्ये सिल्हूट म्हणतात. ते नाव एत्येन द सिल्हूट या फ्रेंच अर्थमंत्र्यावरून आलं. १७५९ साली काही महिनेच तो पदावर होता, आणि त्याच्या काटकसरीची इतकी थट्टा झाली की स्वस्तातल्या कुठल्याही गोष्टीला लोक त्याचं नाव देऊ लागले. तैलचित्र परवडत नसेल तर काळ्या कागदातून बाजूचा चेहरा कापून घ्यायचा, ही गरिबाची तसबीर. इथवर सगळं निरुपद्रवी आहे. पण त्याच सुमारास झुरिकच्या योहान कास्पर लाव्हाटर या धर्मोपदेशकाने १७७५ ते १७७८ या काळात चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याविषयी मोठाले ग्रंथ काढले, आणि त्यात छायाकृतीला पुराव्याचं स्थान दिलं. त्याच्या ग्रंथात एका खास खुर्चीचं चित्र आहे. माणसाने खुर्चीत बसायचं, एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला कागद ताणलेली चौकट. पलीकडून कुणीतरी सावलीची कड पेन्सिलीने गिरवायची. कपाळाचा उतार, नाकाचं टोक, हनुवटी एवढ्यावरून माणूस कसा आहे ते सांगता येतं, असा त्याचा दावा होता. हसरे डोळे, कातडीचा रंग, सुरकुत्या, हे सगळं गोंधळात टाकणारं म्हणून त्याने बाहेर काढलं आणि फक्त कड ठेवली. पुढे चेहरा मोजून माणसाची जात, वंश, गुन्हेगारी वृत्ती ठरवण्याचे जे उद्योग युरोपात झाले, त्यांची एक वाट या खुर्चीपासून निघते. म्हणजे रिकामी छायाकृती दिसते साधी, पण ‘माणूस कशाचा बनलेला आहे’ हा प्रश्न तिच्या पोटात आधीपासून आहे, बरं का.

आता दुसरा तुकडा. जुन्या बॉक्स कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवायची राहिली की एका फोटोवर दुसरा फोटो पडायचा आणि घरात बोलणी बसायची. हे मुद्दाम करायचं ठरवलं तर काय करावं लागतं, ते पायरीपायरीने पाहू, कारण चित्राचा सगळा अर्थ या कृतीतच दडलेला आहे.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. ज्या कणाला प्रकाश लागला तो डेव्हलप झाल्यावर काळा पडतो. एकदा पुरता काळा पडण्याइतका प्रकाश लागला की त्यावर आणखी कितीही प्रकाश टाका, फारसा फरक पडत नाही. उलट ज्या कणांना काहीच लागलं नाही ते कोरे, पुढच्या चित्रासाठी मोकळे राहतात. तेव्हा पहिल्या फोटोत माणसाला उजेडी आकाशासमोर बाजूने उभं करायचं. मीटर आकाशावर धरला तर तो आकाश करडं करायला बघेल, म्हणून त्याने सांगितलेल्या मापापेक्षा दोन-अडीच स्टॉप जास्त उघडायचं. आकाश पूर्ण पांढरं झालं पाहिजे. चेहऱ्यावर मात्र समोरून कुठलाही उजेड नको. चेहरा आकाशापेक्षा पाचसहा स्टॉप तरी काळोखात असावा. मग फिल्म न सरकवता कॅमेरा डोंगराकडे, शेताकडे, कारखान्याकडे वळवायचा आणि नेहमीच्या मापाने दुसरा फोटो घ्यायचा. हा दुसरा फोटो पडतो पूर्ण चौकटीवर. पण जिथे आकाशाने फिल्म आधीच भरून टाकली आहे तिथे तो दिसत नाही. दिसतो फक्त डोक्याच्या आकारात, कारण तेवढीच जागा रिकामी होती.

चुकतं कुठे? पहिल्या फोटोत आकाश करडं राहिलं तर झाडं डोक्याबाहेरही भुतासारखी दिसायला लागतात. चेहऱ्यावर थोडा उजेड पडला तर झाडांमधून अर्धवट कान डोकावतो. ही दोन्ही तशी सोपी दुखणी आहेत. खरं अवघड तिसरं आहे. दुसऱ्या फोटोतही आकाश असतं, आणि तेही पांढरं. ते कपाळाच्या कडेवर आलं तर आत पांढरं, बाहेर पांढरं, मग कड राहणार कुठून? कपाळ हवेत विरून जातं. म्हणजे लाव्हाटरने जिच्यावर सगळा भरवसा ठेवला ती चेहऱ्याची कड इथे माणसाच्या हातात राहत नाही. जिथे भूभाग गडद आहे तिथेच ती टिकते. चांगला छायाचित्रकार म्हणून क्षितिजरेषा कुठे ठेवायची याचा खूप विचार करतो: हनुवटी, ओठ, नाक गडद जमिनीवर यावेत आणि डोक्याचा माथा आकाशात सुटून गेला तर चालेल.

संगणकावर हेच काम फोटोशॉपमधल्या `Screen` या मोडने होतं. पांढऱ्यावर काहीही टाकलं तरी पांढरं, काळ्यावर टाकलेलं जसंच्या तसं. फिल्मचाच स्वभाव गणितात बसवलेला. २०१२ साली आलेल्या कॅननच्या ५डी मार्क थ्री या कॅमेऱ्यात तर एकावर एक फोटो घेण्याची सोयच होती, आणि त्यानंतर ‘डोक्यात जंगल’ प्रकाराचा पूर आला. त्यातली बहुतेक चित्रं, स्पष्टच बोलायचं तर, गोड असतात आणि काही सांगत नाहीत. देवदारांचं बन कुणाच्याही डोक्यात घाला, ते शोभतं. माणूस बदलला तरी चित्राला काही होत नाही.

याच्या उलट, जुन्या काळातलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. एडवर्ड स्टायकेनने १९०२ साली शिल्पकार रोदँचं एक व्यक्तिचित्र केलं. त्यात रोदँ जवळजवळ काळी बाजू-आकृती होऊन बसला आहे, समोर त्याचा ‘विचारवंत’ आणि मागे व्हिक्टर ह्यूगोचा पांढरा पुतळा. स्टुडिओत इतकी गर्दी होती की हे सगळं एका चौकटीत बसेना, म्हणून स्टायकेनने ‘विचारवंत’ वेगळ्या निगेटिव्हवर घेतला आणि नंतर दोन्ही जोडल्या. तिथे जोड अडचणीतून आली, पण त्या माणसासमोर दुसरं कुठलंही शिल्प बसवता आलं नसतं. चित्रातली जोड खरी की सजावटीची हे ओळखायला आम्ही हीच कसोटी लावतो: एक बाजू बदलून बघा.

ती कसोटी क्लेअरच्या शीर्षकचित्रफितीला लावू. तिची एक मोठी प्रेरणा होती रिचर्ड मिझराक या छायाचित्रकाराचं काम. १९९८ साली अटलांटाच्या हाय म्युझियमने मिझराकना अमेरिकेच्या दक्षिण भागाचे फोटो काढायला सांगितलं. ते मिसिसिपी नदीच्या काठी, बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या साधारण ८५ मैलांच्या पट्ट्यात फिरले. तिथल्या लोकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्या पट्ट्याला ‘कॅन्सर अ‍ॅली’, कर्करोगाची गल्ली, असं नाव दिलेलं आहे. मिझराकनी मोठ्या, आठ बाय दहा इंचांच्या फिल्मच्या कॅमेऱ्याने काढलेले ते फोटो, निसर्गरचनाकार केट ऑर्फ यांच्या नकाशांसह, २०१२ साली ‘पेट्रोकेमिकल अमेरिका’ या पुस्तकात आले.

आता हा भूभाग असा का झाला? नदीकाठी उसाचे मळे होते. फ्रेंच काळात जमिनी नदीपासून आत जाणाऱ्या लांब पट्ट्यांत वाटल्या गेल्या. प्रत्येक मळ्याला थोडा काठ आणि मागे खोल शेत. गुलामांच्या श्रमावर हे मळे चालले. विसाव्या शतकात कंपन्यांना नेमकं हेच हवं होतं: मोठी, एका मालकाची, सलग जमीन, जिच्या दारात जहाज लागतं. म्हणून मळ्यांच्या जागी कारखाने आले. आणि गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या माणसांनी मळ्यांच्या कडेला जी छोटी गावं वसवली होती, त्यांना कारखान्याचा शेजार मिळाला. तो त्यांनी निवडलेला नव्हता.

अशा जागेचा फोटो डोक्याच्या आत घातला की डबल एक्स्पोजर अलंकार राहत नाही. जंगल डोक्यात असतं ते कल्पनेत. कारखान्याचा धूर श्वासातून छातीत जातो, पाण्यातून पोटात जातो. भूभाग माणसात शिरतो हे इथे अक्षरशः घडतं. या चित्रातलं एक बदलून बघा. कारखान्याच्या जागी देवदार घातले की ते पुन्हा त्या गोड चित्रांपैकी एक होतं.

पण कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावली पाहिजे, आणि तिथे आमचं या चित्रफितीशी भांडण आहे. ज्यांच्या डोक्यात ते कारखाने दिसतात ते मालिकेतले नट आहेत, मॅथ्यू मॅकॉनाही आणि वुडी हॅरल्सन. त्यांची पात्रं गुन्ह्याचा तपास करणारे गोरे पोलीस. काठावरच्या त्या गावांमधली बहुसंख्य माणसं कृष्णवर्णीय आहेत, आणि तो धूर खरोखर आत घेणारी तीच आहेत. शीर्षकचित्रात भूभाग त्यांचा आणि कड दुसऱ्याची. छायाकृतीत कातडीचा रंग नाहीसा होतो म्हणून ही अदलाबदल सहज खपते. प्रेक्षकाला नायकाच्या मनातला अंधार दिसतो आणि कारखाना त्या अंधाराचं रूपक होऊन बसतो. लाव्हाटरच्या खुर्चीतही नेमकं हेच व्हायचं: कड ठेवायची, बाकीचं पुसायचं, आणि मग कडेत आपल्याला हवं ते वाचायचं.

मिझराकनी स्वतः असं चित्र जोडलं नाही. त्यांचा १९९८ सालचा एक फोटो आता पडद्यावर येतो आहे. टॅफ्ट गावातली होली रोझरी दफनभूमी. पुढे थडगी आणि क्रूस, मागे लगेच रासायनिक कारखान्याचे मनोरे आणि नळ. एकच निगेटिव्ह, एकच एक्स्पोजर. क्रूसांच्या उभ्या रेघा कुठे संपतात आणि कारखान्याच्या कुठे सुरू होतात ते बघा. जरा वेळ हा फोटो असाच राहू द्या, मग प्रश्न घेऊ.