इंटरमीडिएट कोडेक

कॅमेऱ्याचे फुटेज एडिटिंगला सोपे जावे म्हणून ज्या स्वरूपात तात्पुरते बदलून घेतात, ते स्वरूप. अ‍ॅपलचा प्रोरेस (२००७) आणि अ‍ॅव्हिडचा डीएनएक्सएचआर (२०१४) हे सर्वाधिक वापरातले. या रूपांतराला एडिटर मंडळी ‘ट्रान्सकोड करणे’ म्हणतात. त्याने एडिटिंग हलके होते, पण डिस्क भराभर भरते.

गरज का पडते : एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींत कॅमेरा बहुधा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच नोंदलेले असते. सरळ प्ले करताना हे चालून जाते. एडिटर मात्र सतत मागेपुढे उड्या मारतो. मधल्या एका फ्रेमवर थांबायचे तर संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथपासून हिशेब जुळवत यावे लागते; उलटे प्ले करताना तर त्याची दमछाकच होते. टाइमलाइन अडखळते, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असतो आणि डिस्क जवळपास रिकामी बसलेली असते, तेव्हा दुखणे हेच आहे असे समजावे. प्रोरेस व डीएनएक्सएचआरमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे कुठलीही फ्रेम थेट उघडते.

जागेचा हिशेब : मेगाबिट प्रतिसेकंद या दराला ०.४५ ने गुणले की तासाला लागणारी जागा गीगाबाइटमध्ये मिळते. समजा, एका लग्नाचे ४ तासांचे फुटेज आहे : ३८४० × २१६०, सेकंदाला २५ फ्रेम, कॅमेऱ्याचा दर १०० मेगाबिट. मूळ फाइली तासाला ४५, म्हणजे एकूण १८० गीगाबाइट होतात. अ‍ॅपलने दिलेला लक्ष्यदर याच मापाला प्रोरेस ४२२ साठी ४९२ आणि प्रोरेस ४२२ एचक्यूसाठी ७३७ मेगाबिट आहे. म्हणजे पहिल्यात सुमारे ८८५ आणि दुसऱ्यात सुमारे १,३२५ गीगाबाइट लागतात. मूळ फाइली पुसायच्या नसतातच, तेव्हा साधा ४२२ घेतला तरी १ टेराबाइटच्या डिस्कवर दोन्ही मावत नाहीत. फसगत इथेच होते : कार्डावरचा आकार बघून डिस्क आणली जाते आणि रात्रभर लावलेले ट्रान्सकोड पहाटे अर्धवट थांबलेले सापडते. प्रत्यक्ष दर दृश्यागणिक थोडा कमीजास्त होतो, पण खरेदी करताना लक्ष्यदरच धरावा.

एचक्यू निवडला की चित्र सुधारते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. कॅमेऱ्याने ८ बिट रंगात जे टिपले नाही ते १० बिटच्या डब्यात ओतून परत येत नाही. अशा फुटेजला प्रोरेस ४२२, पुष्कळदा एलटीसुद्धा, पुरतो. एचक्यू किंवा डीएनएक्सएचआरचा एचक्यूएक्स हे १० बिट लॉग फुटेजवर भारी कलर ग्रेडिंग करायचे असेल तेव्हाच परवडतात. डीएनएक्सएचआर निवडताना आणखी एक जपावे : त्यातले एलबी, एसक्यू आणि एचक्यू हे तिन्ही ८ बिटचे आहेत. १० बिट फुटेज नुसत्या एचक्यूत घातले तर नुकसान लगेच कळत नाही. ग्रेडिंगमध्ये आभाळावर पट्टे उमटले की कळते.

रूपांतर : एफएफएमपेगमध्ये एका क्लिपसाठी आज्ञा अशी असते, `2` म्हणजे प्रोरेस ४२२, `1` एलटी, `3` एचक्यू.

```
ffmpeg -i C0001.MP4 -c:v prores_ks -profile:v 2 -pix_fmt yuv422p10le -c:a pcm_s16le C0001.mov
```

नंतर दोन्ही फाइलींची लांबी आणि टाइमकोड ताडून पाहावेत. मोबाइलवरच्या शूटिंगमध्ये फ्रेमचा वेग बहुधा स्थिर नसतो. तो आधी स्थिर करून घेतला नाही, तर लांबलचक क्लिपच्या शेवटी ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ शकते.

डिस्कचा वेग : ट्रान्सकोडने प्रोसेसरवरचे ओझे डिस्कवर जाते. ४९२ मेगाबिट म्हणजे सेकंदाला साधारण ६२ मेगाबाइट. तीन कॅमेऱ्यांचे मल्टिकॅम एकदम चालवायचे तर १८५ मेगाबाइट सलग मिळायला हवेत. फिरत्या तबकडीच्या साध्या बाह्य हार्ड डिस्कला ते बहुधा झेपत नाही, तिथे एसएसडीच लागते. ट्रान्सकोड करूनही टाइमलाइन अडखळत असेल, तर आधी डिस्क तपासावी.

प्रॉक्सी : जागा नसेल तर १९२० × १०८० मापाचा प्रोरेस ४२२ प्रॉक्सी हा शहाणा पर्याय आहे. तो तासाला १७, म्हणजे वरच्या लग्नासाठी ६८ गीगाबाइट घेतो. कटिंग त्यावर करायचे आणि शेवटी टाइमलाइन मूळ फाइलींना जोडून फायनल रेंडर काढायचा. जोडणी फाइलीचे नाव आणि टाइमकोड यांवर होते, म्हणून नावे मधेच बदलू नयेत. ग्रेडिंगच्या वेळी मूळ जड फुटेज पुन्हा समोर येतेच, एवढी मर्यादा राहते. काम हातावेगळे झाले की प्रॉक्सी आणि ट्रान्सकोड पुसता येतात, कारण ते पुन्हा बनवता येतात. मूळ फाइली आणि प्रोजेक्ट फाइल मात्र दोन वेगळ्या डिस्कवर ठेवतात.