भाजलेल्या बाळावर पाणी ओतायचे की नाही? एका वादाचा इतिहास

रांगणारे किंवा नुकतेच चालू लागलेले मूल चहाचे भांडे ओढते आणि घरातले कोणी तरी तुपाचा डबा शोधू लागते. बिद्रीच्या परिसरात आजही हे घडते. या सवयीमागे बराच जुना इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, बाराव्या अध्यायात, भाजण्याचे चार प्रकार दिले आहेत. त्यातल्या सर्वात सौम्य प्रकारात शेक द्यावा, थंड पाणी वापरू नये, कारण थंडीने रक्त गोठते, असे तिथे म्हटले आहे. त्याहून खोल भाजण्यावर तुपाचे लेप सांगितले आहेत. तापलेले तेल सूक्ष्म शिरांतून आत शिरते, हे निरीक्षणही तिथेच सापडते. कढईतले तेल चहापेक्षा खूपच जास्त तापते आणि कातडीला चिकटून राहते, त्यामुळे त्याची जखम खोल असते हे खरेच आहे.

१७९९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जेम्स अर्ल यांनी उलट मत मांडले. भाजल्यावर थंडावा द्या, बर्फसुद्धा चालेल, असे त्यांनी लिहिले. पुढे १९५०-६० च्या दशकांत आइसलंडचे डॉक्टर ओफेग्सन यांनी प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले. साधे गार पाणी उपयोगी पडले, बर्फाच्या पाण्याने मात्र नुकसान झाले. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि जगू शकणाऱ्या पेशींचाही रक्तपुरवठा तुटतो. त्यानंतर ऑस्ट्रेलियात डुकरांच्या त्वचेवर झालेल्या प्रयोगांतून वीस मिनिटे हा आकडा पक्का झाला. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत हा उपाय उपयोगी ठरतो.

आता समजा, सव्वा वर्षाच्या मुलाच्या छातीवर आणि हातावर चहा सांडला. आधी कपडे, डायपर, बांगड्या काढा. ओल्या कपड्यात उष्णता साठून राहते. कपडा चिकटला असेल तर ओढू नका. मग भाजलेल्या भागावर नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे सोडा. डाळ किंवा आमटी घट्ट असते, ती चिकटून भाजतच राहते, म्हणून आधी पाण्याने धुऊन काढा. तेलासाठीही हेच करा, पण गॅस बंद करून आणि बाळाला कढईपासून दूर नेऊन. लहान मूल पटकन गार पडते, म्हणून बाकीचे अंग कोरड्या कपड्यात गुंडाळा. मूल थरथरू लागले किंवा मलूल झाले तर पाणी थांबवा.

तूप, हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. ते काढताना बाळाला पुन्हा वेदना होतात आणि जखमेची खोली आम्हाला दिसत नाही. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कपडा सैल झाका.

बाळाचा तळवा बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का. त्याहून मोठी जखम, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे वा लघवीची जागा भाजली असेल, कातडी पांढरी वा बधिर दिसत असेल, तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवा.