श्रुतिकेतील भय आणि नपुंसकलिंग

रंगभूमीवर भयप्रसंग उभा करावयाचा तर नाटककाराला अंधार मुद्दाम निर्माण करावा लागतो. नभोनाट्यात तो आरंभापासून असतोच. १५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने प्रसारित केलेल्या रिचर्ड ह्यूज यांच्या 'डेंजर' या नाटिकेने ही गोष्ट प्रथम ओळखली. केवळ श्रवणासाठी लिहिल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या नाटकांत तिची गणना होते. वेल्समधील कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि आत अडकलेल्या तिघांना काहीच दिसेनासे होते. पाणी चढत आहे, हे त्यांना कळते तसेच श्रोत्यालाही केवळ कानांनी कळते. माध्यमाचे वैगुण्य येथे कथानकाचाच भाग झाले.

दुसरा धडा थोडा जुना आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 'द मंकीज पॉ' ही कथा १९०२ साली प्रसिद्ध झाली आणि लवकरच एकांकिकारूपाने रंगभूमीवर आली. मृत मुलगा परत आला, असे समजून आई दाराकडे धावते. दार उघडते तेव्हा रस्ता रिकामा असतो. भयाचे सारे कार्य दारावरच्या थापांनी केलेले असते. दाराबाहेर कोण होते, हे अखेरपर्यंत सांगितलेले नाही. हे मौन राखणे इंग्रजीत तुलनेने सोपे आहे, कारण तेथे कर्त्याच्या लिंगानुसार क्रियापद बदलत नाही.

मुंबईत १९२७ साली नियमित प्रसारण सुरू झाले. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी आले. पुढे गूढकथाकार म्हणून ख्याती पावलेले रत्नाकर मतकरी यांची 'वेडी माणसं' ही पहिली एकांकिका १९५५ मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरूनच सादर झाली. मराठीत गूढ श्रुतिका लिहू पाहणाऱ्याला मात्र व्याकरणच आडवे येते. 'कोणीतरी दार वाजवलं' हे वाक्य सुरक्षित आहे, कारण तेथे क्रियापद 'दार' या कर्माप्रमाणे चालते. पण आगमन सांगावयाचे म्हटले की 'आला', 'आली', 'आलं' यांतून एक रूप निवडावेच लागते आणि निवडताक्षणीच रहस्याचा एक पदर उलगडतो.

ही अडचणच साधन कशी होऊ शकते, हे पाहण्यासाठी एक लहान संहिता कल्पू. स्थळ भोरजवळील उत्रोलीतील एक घर, पावसाळ्याची रात्र, पात्रे दोन, सासू आणि सून. आरंभी मुलगा भोरला जावयास निघतो. दगडी पायरीवर त्याच्या काठीचे तीन ठोके आणि मागोमाग त्याचा खोकला ऐकू येतो. सून म्हणते, "पडसं गेलं नाही, तरी निघालेच." या वाक्यामुळे तो ध्वनी कोणाचा, हे पक्के होते. शब्दाने ओळख करून न दिलेला ध्वनी श्रोता ओळखीलच असे नाही. पावसाचा आवाजसुद्धा नुसता ऐकला तर कढईतील तळणाचा वाटू शकतो.

मध्यरात्री पाऊस थांबतो. गोठ्यातील गाईच्या गळ्यातली घंटा वाजत असते, तीही थांबते. पायरीवर काठीचे तीन ठोके पडतात. सासू विचारते, "आला का गं?" सून उत्तरते, "ते आले, आत्याबाई." खोकला मात्र आलेला नाही, आणि त्याविषयी कोणी काही बोलत नाही. सून कडीला हात घालते, थबकते, फटीतून पाहते. दीर्घ शांततेनंतर तिचे हलके शब्द येतात: "आत्याबाई… ते आलं." येथेच संहिता संपते.

सर्वनाम दोन्ही वेळा 'ते'च आहे. पहिले पतीसाठी आदरार्थी अनेकवचन, दुसरे नपुंसकलिंगी एकवचन. 'भूत' हा शब्दही नपुंसकलिंगीच. भय आहे ते केवळ अंत्य स्वराच्या पालटात. त्यामागे वाद्यांचा कल्लोळ वा किंकाळी घातली तर तो स्वर बुडतो आणि प्रसंग फुकट जातो. सासूचे 'आला'ही एकदाच यावे. शेवटी आले तर पुल्लिंग पुन्हा प्रस्थापित होते. तालमीत परीक्षा सोपी आहे. संहिता न पाहिलेल्या व्यक्तीस ऐकवावे आणि शेवटच्या वाक्यापूर्वी थांबवून कोण आले ते विचारावे. 'मुलगा' हे उत्तर आले नाही तर आरंभीचा ध्वनी कच्चा राहिला, असे समजावे.

खरा धोका लेखनात आहे. जुन्या लेखनात 'आले' आणि 'आलें' हा भेद अनुस्वाराने दिसत असे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि प्रमाण लेखनात 'ते आले' हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येऊ लागले. एखाद्या दक्ष संपादकाने बोलीतील 'आलं' सुधारून 'आले' केले, तर कागदावर चूक दिसणार नाही. पण ध्वनिमुद्रणात नवरा सुखरूप घरी येईल आणि श्रोत्याला श्रुतिका अपुरी का वाटली, हे कोणालाच कळणार नाही.